सातव्या फॉर्मचा कागद

छापखान्यात काम द्यायला गेलेला माणूस दोनच प्रश्न विचारतो. किती लागतील आणि कधी मिळेल. पहिल्याचं उत्तर मालक कॅल्क्युलेटरवर देतो. दुसऱ्याचं उत्तर तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून देतो, आणि घोटाळा बहुतेकदा तिथेच होतो. ही दोन्ही उत्तरं खरी ठरली की नाही, हे कळण्याची छापखान्यात एकच जागा असते: जॉब कार्डांचं रजिस्टर.

व्यवस्था साधी आहे. काम आलं की त्याला एक नंबर मिळतो. रजिस्टरमध्ये त्या नंबरची एक आडवी ओळ होते आणि त्याच नंबरचं एक जाड कार्ड तयार होतं. बऱ्याच ठिकाणी हे कार्ड म्हणजे मोठं पाकीटच असतं. वर छापील रकाने आणि आत प्रूफं, नमुना, कागदाचं लेबल, गिऱ्हाइकाची चिठ्ठी. रजिस्टर मालकाच्या टेबलावरून हलत नाही. कार्ड मात्र कामाबरोबर हिंडतं. डीटीपीवाल्याकडे, प्लेटला, मशीनवर, तिथून बाइंडरकडे. हल्ली ही सगळी ठिकाणं एका छपराखाली असतातच असं नाही. आतली पानं एका छापखान्यात, चार रंगांचं कव्हर दुसरीकडे, लॅमिनेशन तिसरीकडे आणि बाइंडिंग चौथीकडे, अशी टेम्पोतून फिरणारी पुस्तकं पुण्यात काही नवलाची नाहीत. कार्ड सोबत नसेल तर आपण कुठल्या कामाचा कितवा गठ्ठा उचलतो आहोत हे टेम्पोवाल्यालाही सांगता येत नाही.

हे रजिस्टर नेमकं काय पकडतं हे पाहायचं तर एक नमुन्याचं काम घेऊ. पुस्तक डेमी आकाराचं, १६० पानांचं, आत फक्त काळी शाई, हजार प्रती. लेखक निवृत्त शिक्षक, पुस्तक छोट्या प्रकाशकाचं, आणि कागद प्रकाशकाने स्वतः घेऊन दिलेला. ऑर्डर १ ऑगस्टची, प्रकाशन समारंभ २२ ऑगस्टला, छापखान्याने कबूल केलेली तारीख २०.

आधी कागद. मराठी पुस्तकांच्या धंद्यात हिशेब पानांवर होत नाही, फॉर्मवर होतो. सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे १६० पानांचे बरोबर दहा फॉर्म. कागद डबल डेमी, २३ बाय ३६ इंची. मोठ्या ऑफसेट मशीनवर या कागदाच्या एका बाजूला सोळा पानं एकदम मावतात. मग तोच गठ्ठा उलटायचा आणि त्याच प्लेटने मागची बाजू छापायची. कागद मधोमध कापला की एका शीटमधून त्या फॉर्मच्या दोन प्रती निघतात. म्हणजे हजार प्रतींना पाचशे शीट. पाचशे शीट म्हणजे एक रीम. म्हणून जुनी माणसं कागद न घेता तोंडीच सांगतात: हजार प्रतींना फॉर्ममागे एक रीम. आपल्या पुस्तकाला दहा रीम. कागद ७० जीएसएमचा मॅपलिथो असेल तर एक रीम १८.७ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे सगळा कागद १८७ किलो. कागद किलोने विकत घेतला जातो, मशीनवर शीटने मोजला जातो आणि गिऱ्हाइकाला प्रतींच्या रूपात परत मिळतो. हिशेब चुकवायचा असेल किंवा नकळत चुकायचा असेल, तर या तीन मापांमधल्या फटी पुरेशा असतात. कार्डावर तिन्ही मापं लिहायची ती एवढ्यासाठी.

पण दहा रीम कागदात हजार पुस्तकं कधीच निघत नाहीत. मशीनवर नवी प्लेट चढली की पहिली काही शीटं वायाच जाणार. शाई आणि पाणी यांचा तोल जमेपर्यंत अक्षर कधी फिकं येतं, कधी भरून येतं. छपाई कागदावर तिरकी बसते ती सरळ करावी लागते. या जुळवाजुळवीला मेकरेडी म्हणतात. शहाणा मशीनमन मेकरेडीला आधी जुनी रद्द शीटं लावतो आणि नव्या कागदाला अगदी शेवटी हात घालतो. तरीही फॉर्ममागे पंधरा-वीस नवी शीटं जातात. पुढे बाइंडिंगचं मशीन लावताना आणखी पाच-दहा प्रती खराब होतात, त्या वेगळ्या. म्हणून प्रकाशकाने दहाऐवजी साडेदहा रीम कागद पाठवला. एकूण ५२५० शीट, फॉर्ममागे ५२५. पाच टक्के वेस्टेज धरलेलं, आणि ते ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहून ठेवलेलं.

या पाच टक्क्यांविषयी थोडं थांबायला हवं, कारण प्रकाशक आणि छापखाना यांच्यातली निम्मी भांडणं इथे सुरू होतात. वेस्टेज टक्क्यांत बोललं जातं, पण ते टक्क्यांत होत नाही. ते प्लेटमागे होतं. प्लेट जुळवायला अठरा शीटं गेली तर ती गेली, मग पुढे हजार प्रती छापा नाहीतर तीनशे. हजार प्रतींना फॉर्मची पाचशे शीटं लागतात, तेव्हा अठरा म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. तीनशे प्रतींना दीडशेच शीटं लागतात आणि तीच अठरा तिथे बारा टक्के होतात. तीन हजार प्रती काढल्या तर चालू छपाईत आणखी चार-दोन शीटं बिघडतील, तरी प्रमाण दीड टक्क्यावर येतं. आपल्या वर्षभराच्या कार्डांवरून फॉर्ममागे सरासरी किती शीटं जातात हे ज्या मालकाला माहीत असतं, तो तीनशे प्रतींच्या कामाला पाच टक्के कबूल करत नाही. ज्याला माहीत नसतं तो करतो आणि मग कमी पडलेला कागद स्वतःच्या गोदामातून घालतो. थोड्या प्रतींची पुस्तकं डिजिटल छपाईकडे गेली त्यामागे हेही एक कारण आहे. तिथे प्लेट नाही, म्हणून प्लेटमागचं नुकसानही नाही.

आता कार्डाची मागची बाजू. तिथे दहा फॉर्मच्या दहा ओळी असतात. प्रत्येक ओळीत तारीख, मशीनमनची सही, दिलेली शीटं, खराब झालेली, चांगली निघालेली, आणि मशीनच्या काउंटरचा सुरुवातीचा व शेवटचा आकडा. आपल्या पुस्तकाच्या पहिल्या सहा ओळी शहाण्या मुलासारख्या आहेत. दिली ५२५, खराब कधी १४, कधी २२, चांगली पाचशेच्या वर. सातव्या ओळीत मात्र खराब ५७, चांगली ४६८.

४६८ शीट म्हणजे सातव्या फॉर्मच्या ९३६ प्रती. बाकी नऊ फॉर्म हजारावर असून उपयोग नाही, कारण सातवा फॉर्म नसलेलं पुस्तक म्हणजे ९६ पानांनंतर एकदम ११३वं पान. सगळ्यांत कमी निघालेला फॉर्म जितका, तितकीच पुस्तकं. त्यातून बाइंडिंगची दहा वजा केली की ९२६ उरतात. बाकी नऊ फॉर्मचे जे सत्तरेक संच जास्त छापले गेले ते कितीही स्वच्छ असले तरी रद्दीच. सरासरी काढून हे कधीच दिसत नाही. दहा फॉर्ममध्ये मिळून वेस्टेज पाच टक्क्यांच्या आतच आहे, म्हणजे कागदोपत्री सगळं उत्तम आणि हातात ७४ पुस्तकं कमी. म्हणूनच कार्डावर वेस्टेजचा एकच एकूण आकडा लिहून चालत नाही, फॉर्मवार ओळी लागतात.

झालं काय होतं? पहिली बाजू नीट छापली गेली. गठ्ठा उलटून दुसरी बाजू सुरू झाली आणि चाळीसएक शीटं गेल्यावर मशीनमनने एक शीट उचलून ट्यूबलाइटसमोर धरलं. चांगल्या छपाईत कागद असा उजेडात धरला की पुढच्या पानाचा पहिल्या ओळीचा माथा आणि मागच्या पानाचा माथा एकाच रेषेत दिसतात, मजकुराच्या चौकटीही एकमेकींवर बसतात. इथे मागची चौकट कुठे दोन मिलिमीटर डावीकडे, कुठे बरोबर, कुठे एक मिलिमीटर उजवीकडे अशी नाचत होती. चूक सारखी असती तर ती जुळवणीची म्हणता आली असती. एखादा स्क्रू फिरवून तीच सुधारली असती. पण दर शीटला वेगळी चूक म्हणजे दोष कागदात.

आणि तो तसाच होता. मशीन प्रत्येक शीट दोन कडांना टेकवून आत घेतं. पुढची कड चिमट्यात जाते आणि बाजूची कड एका ठोकळ्याला टेकते. त्या ठोकळ्याला साइड ले म्हणतात. कागद डावीकडून उजवीकडे उलटला की पुढची कड तीच राहते, पण साइड ले त्याच बाजूला ठेवला तर त्याला आता समोरची कड टेकते. सगळी शीटं रुंदीला तंतोतंत सारखी असतील तर काही बिघडत नाही. या रीममधली शीटं कापताना एक-दोन मिलिमीटर कमीजास्त झाली होती, आणि ती खोट नेमकी मागच्या बाजूच्या छपाईत उतरली. उपाय जुनाच आहे. साइड लेही दुसऱ्या बाजूला न्यायचा, म्हणजे पहिल्या वेळची कडच पुन्हा टेकते. मशीनमनने तेच केलं आणि उरलेली शीटं ठीक निघाली. मेकरेडीची पंधरा आणि ही बेचाळीस मिळून सत्तावन्न.

इथवर ही रोजची गोष्ट आहे. खरा प्रश्न पुढचा आहे: कमी पडल्याचं कळलं कधी? आपल्या कामात मशीनमनने प्लेट उतरवण्याआधी काउंटर पाहिला, खराब शीटं हाताने मोजली आणि कार्डाची सातवी ओळ भरली. ४६८ लिहिल्याबरोबर त्याला समजलं की हजार होत नाहीत. प्लेट अजून मशीनवर, शाई-पाण्याचा तोल जमलेला. त्याने आत आवाज दिला, “साहेब, सातव्याला कागद लागेल अजून.” पंचेचाळीस शीटं आली, पाच वाया गेली, चाळीस चांगली निघाली. ४६८चे ५०८ झाले, म्हणजे १०१६ प्रती. पाऊण तासाचं काम.

हीच ओळ संध्याकाळी सगळे फॉर्म झाल्यावर अंदाजाने भरली असती, तर कमी पडल्याचं बाइंडरकडे कळलं असतं, चार दिवसांनी, फॉर्म क्रमाने लावताना सातव्याचा ढीग आधी संपल्यावर. तेव्हा प्लेट पुसून बाजूला पडलेली असते. नीट गम लावून ठेवली नसेल तर ती चालतही नाही, नवी काढावी लागते. मशीनवर दुसऱ्याचं काम चढलेलं असतं. ते थांबवून, पुन्हा मेकरेडी करून, पंधरा-वीस शीटं वाया घालवून चाळीस चांगली शीटं काढायची आणि ती टेम्पोने बाइंडरकडे पाठवायची. तोवर बाइंडरने पुढचं काम घेतलेलं असतं. कागदाचा खर्च किरकोळच असतो, पण वेळ चार-पाच दिवसांचा जातो.

ती जादा पंचेचाळीस शीटं कुणाच्या खात्यात लिहायची? प्रकाशकाची ५२५० तर दहा फॉर्ममध्ये वाटून संपलेली. कार्डावर नोंद झाली, ‘प्रेसच्या साठ्यातून ४५ शीट, पार्टीचा कागद कमीजास्त कापलेला, लेबल पाकिटात.’ रीमवरचं लेबल फाडून पाकिटात टाकायची सवय अशा वेळी उपयोगी पडते. कागद प्रकाशकाचा आणि चूक कापणाऱ्याची, पण लेबल आणि दोन-तीन बिघडलेली शीटं जवळ नसतील तर दोष छापखान्याचाच ठरतो. यावर छापखान्यानेही गप्प बसावं असं माझं मत आहे. साइड ले सुरुवातीलाच बदलण्याची शिस्त असती तर बेचाळीस शीटं वाचली असती. हा तिढा मालक आणि प्रकाशक चहावर सोडवतात. पण चहावर बसायला दोघांसमोर एकच आकडा लागतो.

पुस्तक संपताना कागदाचा ताळा असा लागला. वापरलेली शीटं ५२९५, वाया गेलेली २२४, म्हणजे सव्वाचार टक्क्यांच्या आत. वजनात साडेआठ किलोही नाहीत. पण बाइंडरकडे याच पुस्तकाच्या कागदाचं याहून दुप्पट वजन कापून टाकलं जातं, आणि ते कुठल्याच वेस्टेजच्या रकान्यात येत नाही. डबल डेमी शीटच्या सोळा भागांतला एक भाग ५.७५ बाय ९ इंचांचा असतो. तयार पुस्तक असतं साडेपाच बाय साडेआठ. पाठ घासण्यात आणि तीन कडा छाटण्यात कागदाचा जवळजवळ दहावा हिस्सा जातो. आपल्या पुस्तकात तो अठरा किलोंच्या घरात आहे. हे नुकसान आकारातच बांधलेलं आहे, त्याला कुणाचा दोष नाही. पण रद्दीच्या पोत्यांचा हिशेब करताना ते विसरलं तर ताळा जुळत नाही.

रद्दीचा उल्लेख आलाच आहे तर ही युक्ती सांगतो. रजिस्टर खरं आहे की घरी बसून भरलेलं, हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे रद्दीवाल्याची पावती. महिन्याभराच्या कार्डांवरची खराब शीटं किलोत काढायची आणि छापील रद्दीच्या वजनाशी ताडून पाहायची. छापील शीटांची रद्दी आणि पांढरी कतरण वेगवेगळ्या भावाने जातात, त्यामुळे पोती आधीच वेगळी केलेली असतात. कार्डं चाळीस किलो म्हणत असतील आणि रद्दीवाल्याने नव्वद नेली असेल, तर खराब शीटं कुणीतरी कमी लिहितं आहे. उलट झालं आणि रद्दी फारच कमी भरली, तर चांगला कागद खराब म्हणून लिहिला जातो आहे आणि तो कुठेतरी दुसरीकडे चालला आहे. दुसरी खूण आणखी सोपी. दहाही ओळींत खराब शीटांचा आकडा २० असेल तर ते मोजलेले नाहीत. खऱ्या कार्डावर १४ असतात, २२ असतात आणि मधेच एखादी सत्तावन्नची खोट असते. काउंटरचे आकडे तपासायला कामी येतात, पण पूर्ण नाही, कारण मेकरेडीत फिरवलेली जुनी शीटंही काउंटर मोजतो.

आता दुसरा प्रश्न, कधी मिळेल. या कामात २० तारीख चुकली आणि ती कागदामुळे चुकली नाही, मशीनमुळेही नाही.

मशीनचा हिशेब पाहा. दहा फॉर्म, फॉर्ममागे पाचशे शीट, दोन्ही बाजू. एकूण दहा हजार छापे. मशीन तासाला पाच हजारांच्या वेगाने पळालं तर दोन तास. दहा प्लेटा बदलणं आणि जुळवणं धरलं तरी सगळं मिळून दीड-दोन दिवसांत संपतं. त्यानंतर शाई वाळायला एक दिवस, ऑगस्टच्या दमट हवेत कधी जास्त. घाई करून ओला फॉर्म घडी मशीनमध्ये घातला तर समोरच्या पानावर सावलीसारखी शाई उठते. मग घडी, क्रम लावणं, पाठीला गोंद, कव्हर, छाट, पॅकिंग. बाइंडरच्या रांगेसकट पाच-सहा दिवस. कव्हर तोवर दुसरीकडे छापून लॅमिनेशन होऊन आलेलं असतं. ते हजारऐवजी साडेदहाशे छापतात, कारण बाइंडरकडे वाया जाणाऱ्यांत कव्हरंही असतात. एकूण बारा दिवस धरायचे. हे आकडे चांगल्या छापखान्यात फारसे हलत नाहीत.

हलतो तो प्रूफाचा काळ. रजिस्टरमधले माझे आवडते रकाने दोन: ‘प्रूफ गेलं’ आणि ‘प्रूफ आलं’. अनेक छापखान्यांत हे रकानेच नसतात, आणि मग तारीख चुकली की सगळा राग मशीनमनवर निघतो. आपल्या कामात प्रूफ ३ ऑगस्टला गेलं. ते ६ला परत येईल, ८ला सही होईल आणि तिथून बारा दिवस म्हणजे २०, असा मालकाने कॅलेंडरकडे बघून हिशेब केला होता. प्रूफ आलं १२ला. लेखक गावी गेले होते. परत आलेल्या प्रूफात शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या तर होत्याच, शिवाय दोन पानांचा नवा ऋणनिर्देश जोडलेला होता.

लेखकाला वाटतं दोन पानांनी काय होतंय! पण १६० म्हणजे बरोबर दहा फॉर्म, आणि १६२ झाली की अकराव्या तुकड्याचा प्रश्न येतो. त्या दोन पानांसाठी निदान चार पानांचा वेगळा तुकडा छापायचा, त्याला वेगळी प्लेट, वेगळी मेकरेडी, आणि बाइंडिंगच्या रांगेत आणखी एक ढीग. दोन कोरी पानं मागे राहणार ती निराळी. शेवटी डीटीपीवालीने दोन प्रकरणांच्या शेवटी लोंबणाऱ्या चार-चार ओळी आधीच्या पानांत ओढून घेतल्या आणि ऋणनिर्देशाला जागा केली. पानं १६०च राहिली, दिवस मात्र गेला. लेखकाने ‘छपाईस मंजूर’ लिहून सही केली ती १३ला.

तेव्हा रजिस्टरवर एक नवी तारीख पडली. २० खोडून २५ लिहिली गेली. खोडली म्हणजे एक आडवी रेघ मारली, जुनी तारीख वाचता येईल अशी. शेजारी कारण लिहिलं, ‘प्रूफ १२ला, प्रिंट ऑर्डर १३ला.’ आणि त्याच दिवशी लेखकाला फोन केला. फोनवर जे बोलणं झालं ते कुठल्याही छापखान्यात ऐकू येईल.

“अहो, पण तुम्ही वीस म्हणाला होतात! बावीसला समारंभ आहे माझा, पाहुणे ठरलेत.”

“सर, वीस म्हणालो ते प्रूफ सहाला येईल असं धरून. बावीसला तुम्हाला पन्नास प्रती देतो. बाकीच्या मागाहून.”

पन्नास प्रतींची ही तोड जुनी आहे आणि ती बहुतेक वेळा जमते, कारण बाइंडर थोड्या प्रती घडी मशीनची वाट न बघता हाताने घडी घालून काढून देतो. पण त्यासाठीही छापलेले दहाच्या दहा फॉर्म हातात हवेत. सातवा फॉर्म त्या दिवशी अडला असता तर पन्नासही मिळाल्या नसत्या. १४ला प्लेटा झाल्या, १५ची सुटी, १६ आणि १७ला छपाई. पन्नास प्रती २१च्या संध्याकाळी लेखकाच्या घरी पोचल्या. उरलेल्या ९५० आल्या २६ला, बाइंडरकडे एक दिवस वीज नव्हती म्हणून नव्या तारखेलाही एक दिवस चुकवून.

या सगळ्यावरून शहाण्या छापखान्यांनी एक नियम केला आहे. ऑर्डर घेताना तारीख द्यायचीच नाही, दिवस द्यायचे: ‘प्रिंट ऑर्डरनंतर बारा दिवस.’ गिऱ्हाइकाला हे ऐकायला आवडत नाही. त्याला तारीख हवी असते, आणि शेजारचा छापखाना ती हसतहसत देतो, म्हणून हा नियम पाळणं दिसतं तितकं सोपं नाही. निदान रजिस्टरमध्ये तरी कबूल तारखेशेजारी ती कुठल्या अटीवर दिली हे लिहिलेलं असावं. वर्षाच्या शेवटी चुकलेल्या तारखांची कारणं वाचली तर किती प्रूफात अडकल्या, किती कव्हरात, किती बाइंडरकडे, हे समोर येतं. दिवाळी अंकांच्या दिवसांत तर हा तक्ता फार बोलका असतो. तिथे प्रूफाची जागा जाहिराती घेतात. शेवटच्या जाहिरातीचं मॅटर येत नाही तोवर एक फॉर्म उघडा राहतो आणि बाकीचे छापून पडून असतात.

काही छापखाने हे सगळं आता संगणकावर ठेवतात. एक्सेलमध्ये ओळी शोधायला सोप्या जातात आणि उशीर झालेली कामं लाल दिसतात, एवढा फायदा आहेच. पण मशीनशेजारी शाईच्या हातांनी लिहायचं कार्ड मात्र बहुतेकांनी कागदाचंच ठेवलं आहे. संध्याकाळी ऑफिसात बसून संगणकात भरलेल्या सातव्या ओळीने आपलं काम वाचलं नसतं.

एका बाबतीत हे रजिस्टर छापखान्याच्या भिंतीबाहेरही जातं. निवडणुकीची पत्रकं आणि भित्तिपत्रकं यांवर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं व पत्ते छापणं लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७अ नुसार बंधनकारक आहे. छापण्याआधी मुद्रकाने प्रकाशकाकडून, ओळखणाऱ्या दोन माणसांच्या साक्षीने सही केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत घ्यायचं असतं, आणि छापल्यावर त्याची एक प्रत पत्रकासह अधिकाऱ्यांकडे पाठवायची असते. निवडणूक आयोग त्याबरोबर छापलेल्या प्रतींची संख्या आणि आकारलेली रक्कमही मागतो, कारण ती उमेदवाराच्या खर्चात धरायची असते. नियम मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या दिवसांत रात्री अकराला कार्यकर्ता दारात उभा राहतो, पाच हजार पत्रकं सकाळपर्यंत हवी म्हणतो आणि कागदावर दोन हजारच दाखवा असं सुचवतो. तेव्हा मालकाला आठवावं लागतं की कागद किती उचलला, काउंटर कितीवर थांबला आणि चलनावर किती लिहिलं, हे तीन आकडे तीन वेगळ्या ठिकाणी आधीच नोंदले गेले आहेत.